डॉमिनन्स घसरतोय म्हणून बिटकॉइन विकून ऑल्टकॉइन घ्यावेत का?

प्रश्न: मी ३८ वर्षांचा, नाशिकला खासगी कंपनीत नोकरी करतो. २०२३ मध्ये दीड लाखाचे बिटकॉइन घेतले होते, त्याचे आज चार लाख झालेत. पीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून १४ लाख आहेत, गृहकर्ज चालू आहे. बिटकॉइन डॉमिनन्सचा चार्ट खाली यायला लागलाय, म्हणजे ऑल्टसीझन, बिटकॉइन सोडून बाकीच्या कॉइनची तेजी, येणार असं ऐकतो. सगळे बिटकॉइन विकून चार छोटे कॉइन घ्यावेत असं वाटतं. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. निदान बिटकॉइन विकून तरी नाही. तुम्ही बघताय तो चार्ट खोटं बोलत नाही, पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ त्यात नाही.

डॉमिनन्स म्हणजे साधा भागाकार आहे. बिटकॉइनचं एकूण बाजारमूल्य भागिले सगळ्या क्रिप्टोचं मिळून बाजारमूल्य. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवर BTC.D टाकलं की दिसते ती रेघ हीच. भागाकार असल्यामुळे रेघ खाली येण्याची कारणं अनेक असू शकतात. बिटकॉइन चढला आणि बाकीचे त्याहून जास्त चढले तरी ती खाली येते. बिटकॉइन जागेवर थांबला आणि नवे कॉइन बाजारात भर टाकत राहिले तरी येते. आणि सगळंच पडत असतानाही येते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

कारण या भागाकारात खालच्या बाजूला टेथरसारखे स्टेबलकॉइनही मोजलेले असतात, आणि त्यांची किंमत डॉलरला बांधलेली असते. समजा बाजार १०० रुपयांचा आहे: बिटकॉइन ६०, स्टेबलकॉइन ८, बाकी सगळे ऑल्टकॉइन ३२. आता बिटकॉइन आणि ऑल्टकॉइन दोन्ही ३० टक्के पडले. बिटकॉइन झाला ४२, ऑल्टकॉइन २२ रुपये ४० पैसे, स्टेबलकॉइन तसेच ८. एकूण ७२ रुपये ४० पैसे, आणि डॉमिनन्स ६० वरून ५८ वर. चार्ट दोन टक्के उतरला, इकडे ऑल्टकॉइनवाल्याचे ३० टक्के गेले. २०२२ ची मंदी आठवा. बरेच ऑल्टकॉइन ८०-९० टक्के पडले, तरी डॉमिनन्स बहुतेक वेळ चाळिशीतच घुटमळत होता. त्या वर्षी स्टेबलकॉइनचा वाटा बाजाराच्या सहा-सात टक्क्यांवरून सोळा-सतरापर्यंत गेला होता. म्हणून BTC.D एकट्याने कधीच बघू नका. शेजारी TOTAL3 लावा, म्हणजे बिटकॉइन आणि इथेरियम वगळून उरलेला बाजार, आणि त्यातही स्टेबलकॉइन मिसळलेले असतात हे ध्यानात ठेवा. त्याहून बरं म्हणजे जो कॉइन घ्यायचाय त्याचा बिटकॉइनमधला भाव बघा. कार्डानोसाठी ADABTC, सोलानासाठी SOLBTC अशा जोड्या असतात. ती रेघ खाली जात असेल, तर डॉमिनन्स कितीही घसरला तरी तुमचा कॉइन बिटकॉइनच्या मागेच पडतोय.

आता छोटे कॉइन आधी मागे का राहतात आणि नंतर एकदम का उसळतात ते बघू. मोठ्या मंदीनंतर परत येणारा पैसा सावध असतो. त्याला मोठी रक्कम भाव न हलवता घेता-विकता यायला हवी असते, आणि तेवढी खोली बिटकॉइनमध्येच असते. त्यामुळे तेजीच्या पहिल्या टप्प्यात डॉमिनन्स चढतो आणि ऑल्टकॉइनवाले हात चोळत बसतात. मग बिटकॉइन नव्या उच्चांकावर जाऊन रेंगाळतो, जुन्या मंडळींच्या हाती नफा असतो, त्यातला काही भाग इथेरियमकडे आणि तिथून आणखी खाली सरकतो. छोट्या कॉइनच्या ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे खरेदी-विक्रीच्या मागण्यांच्या यादीत, विकणारे मोजके असतात. थोडा पैसा आला तरी भाव दुप्पट होतो. तोच पैसा निघाला की घेणाराही सापडत नाही. उसळी आणि आपटी या दोन्हींचं मूळ एकच.

हे २०२१ मध्ये जवळून बघायला मिळालं. जानेवारीच्या सुरुवातीला डॉमिनन्स ७० टक्क्यांच्या आसपास होता आणि बिटकॉइन २९ हजार डॉलरला. एप्रिलच्या मध्याला बिटकॉइन ६४ हजारांच्या पुढे गेला आणि तिथून मागे सरला. खरा धुरळा त्यानंतर उडाला. पुढच्या महिनाभरात इथेरियम २,४०० च्या आसपासहून ४,३०० डॉलरवर गेला. डोजकॉइन १२-१३ सेंटवरून ८ मेला ७३ सेंटवर. मेच्या मध्याला डॉमिनन्स ४० टक्क्यांवर आला होता. म्हणजे चार्ट बघून ‘आता ऑल्टसीझन पक्का’ म्हणावं अशी ती वेळ होती. १९ मेला बिटकॉइन एका दिवसात ३० हजारांपर्यंत कोसळला आणि इथेरियम दोन हजारांच्या खाली जाऊन आला. २०१७-१८ मध्येही हाच क्रम होता. बिटकॉइनने शिखर गाठलं १७ डिसेंबर २०१७ ला, इथेरियमने १३ जानेवारी २०१८ च्या सुमारास १,४०० डॉलरला, आणि डॉमिनन्स तेव्हाच ३५ टक्क्यांच्याही खाली गेला होता. डिसेंबर २०१८ मध्ये इथेरियम शंभर डॉलरच्या खाली होता. चार्टची खात्री पटेपर्यंत थांबणाऱ्यांचं दोन्ही वेळा वरातीमागून घोडं झालं.

आणि हा क्रम दर वेळी तसाच येईल असंही नाही. २०२२ च्या अखेरीपासून जून २०२५ पर्यंत डॉमिनन्स चाळिशीवरून ६५ टक्क्यांच्या आसपास चढत गेला. अडीच वर्षं लोक ‘आता उतरेल, आता उतरेल’ म्हणत होते. माझ्या मते यामागे दोन कारणं आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत स्पॉट बिटकॉइन ईटीएफना, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन धरणाऱ्या फंडांना, परवानगी मिळाली. त्यातून आलेला पैसा पेन्शन खात्यातला, ब्रोकरकडचा. बिटकॉइन वर गेला म्हणून तो ईटीएफ विकून कुठल्या छोट्या कॉइनकडे वळणारा नाही. दुसरं, कॉइन काढणं इतकं सोपं झालंय की रोज हजारोंनी नवे येतात, आणि जुन्या प्रकल्पांचे संस्थापक आणि गुंतवणूकदारांकडे अडकलेले कॉइन ठरलेल्या तारखांना सुटून बाजारात पडत राहतात. पैसा तेवढाच आणि वाटेकरी वाढलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइनने १ लाख २६ हजार डॉलरचा उच्चांक गाठला, तेव्हा कार्डानो एक डॉलरच्याही खाली होता. सप्टेंबर २०२१ मध्ये तोच तीन डॉलरच्या वर होता. बिटकॉइनच्या त्या उच्चांकानंतर चार दिवसांनी, १० ऑक्टोबरला, बाजार कोसळला तेव्हा अनेक छोटे कॉइन काही मिनिटांत निम्म्याहून जास्त पडले. त्याआधीच्या दोनेक महिन्यांत डॉमिनन्स उतरलेला होता, हे मुद्दाम सांगतो.

आता तुमचा हिशोब. बिटकॉइन ते ऑल्टकॉइन अशी उडी अमेरिकेतला माणूस मारतो तेव्हा त्याचं गणित वेगळं असतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, सेस धरून ३१.२. एक कॉइन देऊन दुसरा घेतला तरी ती विक्रीच धरतात. तुमचा नफा अडीच लाख, म्हणजे कर ७८ हजार. विकताना १ टक्का टीडीएस, म्हणजे चार हजार कापले जातील, ते यातच वळते होतील. हातात राहिले ३ लाख २२ हजार.

हा कर कधीतरी भरायचाच आहे, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण खरा फटका पुढे आहे. क्रिप्टोमधला तोटा दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. समजा तुम्ही चार कॉइनमध्ये ८०-८० हजार घातले. एक तिप्पट झाला, २ लाख ४० हजार. दोन निम्म्यावर आले, ४०-४० हजार. चौथा ७० टक्के पडला, २४ हजार. एकूण ३ लाख ४४ हजार, म्हणजे ३ लाख २० हजारांवर २४ हजार नफा. पण कर लागणार तिप्पट झालेल्या कॉइनच्या १ लाख ६० हजारांवर, म्हणजे ४९,९२० रुपये. चारांतला एक तिप्पट होऊनही सगळे विकल्यावर तुम्ही जवळपास २६ हजारांनी खाली. आणि चारातला एक तिप्पट होणं ही काही वाईट निवड नव्हे. छोट्या कॉइनमध्ये एखादा जोरात जातो आणि बाकीचे बुडतात हेच नेहमीचं चित्र असतं, त्यामुळे हा नियम तिथेच सगळ्यात जास्त चावतो. फक्त बिटकॉइन धरून ठेवणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही.

आणखी एक सापळा. विक्रीचे सगळे पैसे ऑल्टकॉइनमध्ये टाकले आणि ते पडले, तरी त्या ७८ हजारांच्या करातून सुटका नाही. टीडीएस वजा जाता कर दहा हजारांच्या वर असला की आगाऊ कर भरावा लागतो, शेवटचा हप्ता १५ मार्च. तेव्हा पडलेल्या भावाला कॉइन विकून कर भरायची पाळी येते.

माझ्या नजरेत तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. १८ लाखांतले चार लाख क्रिप्टोत, म्हणजे जवळपास २२ टक्के. गृहकर्ज असलेल्या घराला हे जास्त आहे. विकायचंच असेल तर आजच्या भावाने १ लाख ६० हजारांचे बिटकॉइन विका. त्यातला नफा एक लाख, कर ३१,२००. उरलेले सुमारे १ लाख २९ हजार गृहकर्जाच्या मुद्दलात भरा, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्या. तुमचे मूळ दीड लाख बरेचसे बाहेर आले आणि २ लाख ४० हजारांचे बिटकॉइन हातात राहिले.

ऑल्टकॉइनची हौस दाबून ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण दाबलेली हौस नेमकी शिखराला उसळते. पगारातून नवे २५ हजार बाजूला काढा, एकाच कॉइनमध्ये घाला, आणि तोही बिटकॉइनच्या तुलनेत निदान काही आठवडे वर जाताना दिसल्यावरच. घेतानाच लिहून ठेवा: दुप्पट झाला की निम्मा विकायचा, थेट रुपयांत, दुसऱ्या कॉइनमध्ये नाही. अर्धा झाला तर आणखी घालायचे नाहीत. विक्री झाली त्याच दिवशी नफ्याच्या ३१.२ टक्के रक्कम बचत खात्यात वेगळी टाका. रिटर्न भरताना आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ घ्या आणि त्यातल्या व्हीडीएच्या, म्हणजे क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेच्या, शेड्यूलमध्ये प्रत्येक व्यवहार तारखेसह भरा. एक्सचेंजवरून वर्षाचा अहवाल एप्रिलमध्येच उतरवून ठेवा. कापलेला टीडीएस २६एएस या कराच्या विवरणात दिसतोच, त्यामुळे विक्री झाल्याची खबर आयकर खात्याला असतेच.