घराला ठरलेला पगार द्या

प्रश्न: घरात आम्ही चौघं, कमावणारे एकटे माझे पती. त्यांचं काम कंत्राटावर, त्यामुळे एखाद्या महिन्यात ७८ हजार येतात, एखाद्या महिन्यात १२. दर महिन्याला बजेट लिहिते आणि दर महिन्याला ते मोडतं. असं घर चालवायचं कसं?

उत्तर: आमच्या घरातही कमाई एकाचीच आणि तीही कामं मिळतील तशी. पैशांचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून ज्या पद्धतीने तो नीट बसला तीच सांगते.

बजेट मोडतं कारण ते त्या-त्या महिन्याच्या जमेवर बेतलेलं असतं. जमा कधी आणि किती होईल ते तुमच्या हातात नाही. घरात महिन्याला किती पैसे सोडायचे, हे मात्र तुम्ही ठरवू शकता. म्हणून आधी दोन खाती वेगळी करा. एक जमेचं, ज्यात कामाचे सगळे पैसे येतील. दुसरं घरखर्चाचं, ज्यात दर महिन्याच्या १ तारखेला एक ठरलेली रक्कम जाईल. हा घराचा पगार. जमेच्या खात्यातून घरासाठी एवढीच रक्कम निघायची, मग त्या महिन्यात ७८ आलेले असोत की १२.

हा पगार किती असावा, यासाठी बँकेचं मागचं वर्षभराचं स्टेटमेंट घेऊन बसा. प्रत्येक महिन्यात प्रत्यक्ष खात्यात आलेले पैसे लिहा. बिल कोणत्या तारखेचं होतं ते पाहू नका, पैसे आले ती तारीख धरा. 'येणं आहे' म्हणजे पैसे नव्हेत, ते या यादीत नकोत. त्यातून कामासाठी झालेला खर्च वजा करा, म्हणजे प्रवास, साहित्य, मदतनिसाची मजुरी. कर भरावा लागत असेल तर त्याचा वाटाही वजा करून आधीच बाजूला ठेवा. उरलं ते खरं घराचं. एकदाच मिळालेली आणि पुन्हा मिळेलच असं नसलेली मोठी रक्कम यादीतून काढून टाका, नाहीतर सरासरी उगाच फुगते.

तुमचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत. तेव्हा वजावट करून उरलेली वर्षभराची जमा, हजारांत, अशी आहे असं धरू: जानेवारी ६२, फेब्रुवारी २०, मार्च ७८, एप्रिल ४१, मे २५, जून १२, जुलै १५, ऑगस्ट ४८, सप्टेंबर ५५, ऑक्टोबर ७०, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३६. एकूण ४९२ हजार, म्हणजे महिन्याची सरासरी ४१.

इथे बहुतेक जण ४१ हजारच पगार ठरवतात, आणि गडबड तिथेच होते. सरासरीइतका पगार काढला तर वर्षाअखेरीस हातात काहीच उरत नाही, आणि पुढचं वर्ष जरा जरी मंद गेलं तरी खातं तळाला जातं. मी सरासरीच्या साधारण ८५ ते ९० टक्क्यांवर थांबते. इथे ३६ हजार धरू. वर्षाला ४३२ हजार घराला गेले, ६० हजार मागे राहिले.

आता यादीतला सगळ्यात मोठा खड्डा शोधा. बचतीबद्दल 'तीन ते सहा महिन्यांचा खर्च' वगैरे ठोकताळे सगळीकडे ऐकू येतात, पण माझ्या मते अनियमित कमाईच्या घरासाठी हा खड्डा जास्त कामाचा, कारण तो तुमच्याच आकड्यांतून निघतो. पगार ३६ असताना मे महिन्यात ११ हजार कमी पडतात, जूनमध्ये २४, जुलैत २१. तिन्ही मिळून ५६ हजार. ऑगस्टपासून पुन्हा भर पडू लागते. शिवाय पगार १ तारखेला द्यायचा आणि त्या महिन्याची जमा त्यानंतर येणार, म्हणजे १ ऑगस्टला खात्यात एका महिन्याचा पगार तयार हवा. ५६ आणि ३६ मिळून ९२ हजार. एप्रिलच्या अखेरीस जमेच्या खात्यात एवढे असले, तर ती तीन महिन्यांची तंगी घरात कुणाला जाणवणारही नाही. ही तुमची गंगाजळी.

पगार बदलला की खड्डाही बदलतो. ४१ हजार घेतले असते तर याच तीन महिन्यांत ७१ कमी पडले असते. ३२ घेतले असते तर ४४. पगार वाढवावासा वाटला की आधी हा हिशेब करून बघा.

गंगाजळीला आजारपणासाठी ठेवलेल्या पैशांत मिसळू नका. गंगाजळी ही उशिरा येणाऱ्या पैशांसाठी असते, आणि ती दरवर्षी रिकामी होऊन पुन्हा भरते. अचानक आलेल्या खर्चासाठीची शिल्लक वेगळी, तिला एरवी हात लागत नाही. दोन्ही एकाच खात्यात ठेवले की जूनमध्ये शिल्लक बरी दिसते आणि नेमकं तेव्हाच दवाखान्याचं बिल आलं की दोन्ही एकदम संपतात.

आता ३६ हजार घरात कसे वाटायचे ते. मी तीन थर करते. पहिला थर न टळणाऱ्या खर्चाचा: घरभाडं किंवा हप्ता, किराणा, वीज, औषधं, शाळेला जाण्या-येण्याचा खर्च. तो २६ हजार धरू. दुसरा थर वर्षातून एकदा-दोनदाच येणाऱ्या खर्चाचा: शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, कपडे. हे सगळं वर्षाचं ६० हजार होत असेल तर त्याला १२ ने भागून दर महिन्याला ५ हजार बाजूला. तिसऱ्या थरात उरलेले ५ हजार, बाहेर खाणं, करमणूक, एखादी हौस यासाठी.

दुसऱ्या थराकडे जरा जास्त लक्ष द्या. बजेट मोडलं असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा किराणा वाढलेला नसतो, विम्याचा हप्ता आलेला असतो. तो दरवर्षी त्याच महिन्यात येतो, तरी महिन्याच्या कागदावर कुठेच नसतो. ते ५ हजार १ तारखेलाच वेगळ्या आवर्ती ठेवीत किंवा खात्यात टाका. घरखर्चाच्या खात्यात राहिले तर ते महिनाअखेरपर्यंत टिकत नाहीत.

आता खरी अडचण. गंगाजळीच नसेल तर सुरुवात कशी करायची? पैसे बरे येतात त्या महिन्यांत करा. वरच्या यादीत ऑगस्टपासून सुरू केलं आणि तिसरा थर सध्या बंद ठेवून घराला ३१ हजारच दिले, तर ऑगस्टअखेर १७ हजार साठतात, सप्टेंबरअखेर ४१, ऑक्टोबरअखेर ८०. तोपर्यंत पगार १ तारखेला पूर्ण देणं जमणार नाही. तेव्हा पैसे येतील तसा आधी पहिला थर भरा, मग दुसरा. नोव्हेंबरपासून पूर्ण ३६ सुरू केले, तर पुढचं वर्ष असंच गेल्यास एप्रिलअखेरीस जमेच्या खात्यात ९२ पेक्षा बरेच जास्त असतील. ते तीन महिने घरात थोडे कठीण जातात हे खरं. पण ते अशा वेळी काढायचे असतात जेव्हा बाहेरून पैसे येत आहेत आणि ते खर्च करावेसे वाटत आहेत.

आणि सुरुवातच मे महिन्यात, रिकाम्या खात्याने करायची वेळ आली तर? मग फक्त पहिला थर भागवला तरी तीन महिन्यांत २६ हजार कमीच पडतात. कुठल्याही वहीने ते पैसे तयार होत नाहीत. अशा वेळी घरमालकाशी किंवा शाळेशी आधीच बोलून रक्कम दोन भागांत द्यायचं ठरवणं, आणि ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या जमेतून फेडायची असं लिहून ठेवणं, एवढंच नीट करता येतं. तारीख उलटून गेल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं लोक ऐकून घेतात. क्रेडिट कार्डवर किमान रक्कम भरून पुढे ढकलणं मात्र टाळाच. राहिलेल्या रकमेवर व्याज चढत जातं आणि ऑगस्टची जमा त्यातच जाते.

पुढे लक्ष कशावर ठेवायचं? मी दर १ तारखेला, पगार काढून झाल्यावर, जमेच्या खात्यातली शिल्लक वहीत लिहिते. शेजारी गेल्या वर्षी त्याच तारखेला किती होती ते. मागच्या महिन्याशी तुलना करू नका, कारण मे-जूनमध्ये शिल्लक घसरणारच. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा ती सलग दोन-तीन महिने कमी भरली, तर काम खरंच कमी झालंय किंवा पगार जास्त ठरलाय. तेव्हा लगेच ३१ वर या. खातं रिकामं होईपर्यंत वाट पाहिली तर पगार २६ च्याही खाली आणावा लागतो, आणि तिथे कापण्यासारखं काही उरलेलं नसतं.

पगार वाढवायचा तो सहा महिन्यांतून एकदाच, नव्याने शेवटच्या १२ महिन्यांची यादी करून. मार्चमध्ये ७८ आले म्हणून मार्चमध्ये वाढवायचा नाही, कारण त्यातले ४२ हजार जून आणि जुलैचेच आहेत. खड्डा भरून निघाल्यावरही, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या शेवटी, शिल्लक ९२ च्या वर असेल तर वरचे पैसे आधी महागड्या कर्जात, मग आजारपणाच्या शिल्लकीत. एप्रिलमध्ये शिल्लक मोठी दिसते म्हणून तेव्हा हे करू नका.

नवा हप्ता घ्यायचा असेल तर तो पहिल्या थरात जातो आणि तिथून कापता येत नाही. २६ चे ३२ झाले की तंगीच्या दिवसांत मागे यायला जागाच राहत नाही. तेव्हा सही करण्याआधी मे, जून, जुलैचा हिशेब नव्या आकड्याने पुन्हा मांडा.

ही वही तुम्ही दोघांनी मिळून बघा. पती कमावतात आणि तुम्ही घर चालवता, त्यामुळे एकाला फक्त जमा दिसते आणि दुसऱ्याला फक्त खर्च. आमच्याकडे १ तारखेला दहा मिनिटं बसतो: शिल्लक किती, पुढच्या दोन महिन्यांत कोणती कामं पक्की आहेत, वर्षातला कुठला खर्च जवळ आलाय. पक्की कामं पेन्सिलने लिहितो, पैसे खात्यात आले की पेनाने.