जिलेबीचा आणि गुलाबजामचा पाक

प्रश्न: जिलेबी आणि गुलाबजाम दोन्हींसाठी एकच पाक चालेल का? एकतारी पाक नेमका कसा ओळखायचा आणि त्याचे तापमान किती असावे?

एकच पाक चालत नाही. जिलेबीला एकतारी पाक लागतो, तर गुलाबजामला तार न येणारा, बोटांना जेमतेम चिकटणारा पाक पुरतो. तापमानाबाबत गोंधळ होतो, कारण पाक किती तापमानापर्यंत उकळायचा आणि पदार्थ सोडताना तो किती गरम असावा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकतारी पाक साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला तयार होतो आणि त्यात वजनाने सुमारे ७० टक्के साखर असते. ५०० ग्रॅम साखर आणि २५० ग्रॅम पाणी घेतले, तर ७५० ग्रॅमचे मिश्रण आटून ७१५ ग्रॅमच्या आसपास आले की एकतार येते. म्हणजे साखर विरघळल्यावर जेमतेम ३५ ग्रॅम पाणी उडायचे असते. म्हणूनच हा पाक बघता बघता पुढे जातो. उंचावरील गावांत पाणीच कमी तापमानाला उकळते, त्यामुळे तिथे आधी साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू मोजून त्यात पाच-सहा अंश मिळवावेत.

तार पाहताना गॅस बंद करावा, नाहीतर तपासेपर्यंत पाक आटत राहतो. एक थेंब थंड बशीत टाकून काही सेकंद थांबावे, मग तो अंगठा आणि तर्जनीत धरून बोटे हळूहळू दूर करावीत. साधारण एक सेंटिमीटरपर्यंत एकच तार ताणली जाऊन मग तुटली, तर पाक झाला. चमच्यावरचा गरम पाक नेहमी पातळच वाटतो, आणि त्यावर विसंबून उकळत राहिल्याने बहुतेकांचा पाक दोन तारांवर जातो. तसे झाल्यास एक-दोन चमचे पाणी घालून पुन्हा एक उकळी आणावी. एकतारी पाक गार झाल्यावर त्यात साखरेचे कण धरू शकतात. लिंबाचा थोडा रस घालून उकळल्यास साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभागला जातो आणि कण धरणे टळते.

जिलेबी कढईतून काढताच ६० ते ७० अंशांच्या पाकात अर्धा-एक मिनिट बुडवावी. पाक पातळ असेल तर तिचे कवच मऊ पडते; फार घट्ट किंवा गार असेल तर तो आतल्या पोकळीत शिरत नाही आणि वरच साखर थापल्यासारखी दिसते.

गुलाबजामसाठी साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन १०२ अंशांच्या आसपास थांबावे. इथे एकतारी पाक वापरला, तर दाट पाक आत झिरपण्याऐवजी गोळ्यातलेच पाणी बाहेर ओढतो, म्हणून गुलाबजाम आक्रसतात आणि कापल्यावर मधोमध पांढरट, कोरडी गाठ दिसते. पाक सुमारे ६० अंशांवर असताना त्यात गरम गुलाबजाम सोडावेत आणि दोन-तीन तास मुरू द्यावेत. उकळत्या पाकात सोडल्यास त्यांना तडे जातात किंवा ते बाहेरून लगदा होतात.