डेरिव्हेटिव्हचं शिखर ब्युरेटच्या कुठल्या आकड्यावर मांडायचं?

प्रश्न: 25 मिली अ‍ॅसेटिक आम्ल 0.1 M सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट केलं, पीएच मीटर लावून. ΔpH/ΔV चा आलेख काढला तर शिखर 24.70 ला येतं, फिनॉल्फ्थॅलिनने मात्र 24.65. शिवाय अगदी सुरुवातीलाही एक उंचवटा दिसतो. मीटरचं कॅलिब्रेशन चुकलं असेल का?

उत्तर: कॅलिब्रेशनवर संशय घेऊ नका. मीटर प्रत्येक रीडिंग 0.2 ने जास्त दाखवत असेल तरी वजाबाकीत ते 0.2 निघून जातं. शिखराची उंची किंवा जागा त्याने हलत नाही. डेरिव्हेटिव्ह पद्धतीचा हा मोठा फायदाच आहे.

माझा अंदाज असा की घोळ आकडा मांडण्याच्या जागेत आहे. तुमच्यासारख्याच द्रावणांची शेवटची रीडिंग्ज मी गणिताने काढून देतो, म्हणजे ती तुमच्या वहीतल्यांशी ताडून बघता येतील:

24.40 मिली: पीएच 6.77
24.50 मिली: पीएच 7.00
24.60 मिली: पीएच 7.55
24.70 मिली: पीएच 10.08
24.80 मिली: पीएच 10.51

24.60 ते 24.70 या टप्प्यात पीएच 2.53 ने वाढला, म्हणून ΔpH/ΔV आलं 25.3. त्याच्या अलीकडच्या टप्प्यात 5.5 आणि पलीकडच्यात 4.3. आता हा 25.3 कुठे मांडणार? तो उतार ना 24.60 चा आहे, ना 24.70 चा. तो त्या दोघांमधल्या तुकड्याचा सरासरी उतार आहे, म्हणून त्याची जागा मधोमध, 24.65 वर. बहुतेक मुलं वहीत पुढच्या ओळीसमोर उतार लिहितात आणि त्याच ओळीतला आकडा उचलून आलेख काढतात. मग सगळा आलेख अर्ध्या टप्प्याने उजवीकडे सरकतो. तुमचं 24.70 अगदी तसंच दिसतंय.

इथे चूक 0.05 मिलीची, म्हणजे 0.2 टक्के. पण टप्पा 1 मिलीचा ठेवला असता तर याच सवयीने अर्धा मिली गेला असता. मोठ्या टप्प्याचा आणखी एक तोटा असा: 24 आणि 25 मिलीचीच रीडिंग्ज घेतली, तर पीएच 6.33 वरून 10.86 वर जातो, उतार जेमतेम 4.5 येतो आणि मध्यबिंदूवर मांडूनही शिखर 24.5 ला पडतं. म्हणून पीएच 6 च्या पुढे भराभर वाढायला लागला की 0.1 मिलीवर या.

त्याहून बारीक जाण्याचा मोह मात्र टाळा. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा. मीटर 0.01 पर्यंतच वाचतो आणि टप्पा 0.02 मिलीचा घेतला, तर वाचनातली तेवढी डळमळसुद्धा उतारात 0.5 ची खोटी भर घालते. मग आलेखावर करवतीचे दात उगवतात, आणि टोकाजवळचं कुठलं शिखर खरं ते कळत नाही.

घाई केली तरी बिंदू उजवीकडे सरकतो. या भागात द्रावणाची बफर क्षमता जवळजवळ संपलेली असते, त्यामुळे काचेचा इलेक्ट्रोड स्थिर व्हायला वेळ घेतो. पीएच अजून चढत असताना रीडिंग उतरवलं तर ती उडी पुढच्या टप्प्यात मोजली जाते. मी आकडा अर्धा मिनिट हलला नाही की मगच लिहितो.

आता सुरुवातीचा उंचवटा. तो खरा आहे, पण समतुल्य बिंदू नव्हे. सुरुवातीला पीएच 2.9 च्या आसपास असतो. पहिला 1 मिली पडताच अ‍ॅसेटेट तयार होतं, ते आम्लाचं विघटन मागे ढकलतं आणि पीएच 3.4 वर जातो. म्हणजे उतार 0.54. पुढे बफर जमला की 12 मिलीजवळ तो 0.07 पर्यंत खाली येतो. 25.3 च्या उताराशेजारी 0.54 खरं तर दिसायलाही नको. ठळक दिसत असेल तर तुमचं मुख्य शिखर बुटकं राहिलंय, आणि त्याचं कारण बहुधा मोठा टप्पा.

पडताळा घ्यायचा असेल तर 24.65 च्या निम्म्यावरचं, म्हणजे 12.3 मिलीचं रीडिंग बघा. तिथे पीएच 4.6 ते 4.8 असायला हवा, कारण अ‍ॅसेटिक आम्लाचा pKa 4.76 आहे. कॅलिब्रेशनची शंका असेल तर ती इथे फिटेल. उत्तरात आम्लाची तीव्रता 24.65 × 0.1 ÷ 25, म्हणजे 0.0986 M लिहा.

हीच पद्धत बोरिक आम्लावर लावून बघाल तर शिखर जवळजवळ सापडणारच नाही. त्याचा pKa 9.24, त्यामुळे उडी घ्यायला पीएचला जागाच उरत नाही. तिथे आधी मॅनिटॉल घालून आम्ल जास्त तीव्र करावं लागतं.