ऑनलाइन स्लॉटचा निकाल कसा ठरतो?

प्रश्न: दोनशे वेळा हरलोय, दोनदा जॅकपॉट एका घराने हुकला. आता लागायची वेळ जवळ आलीय का?

उत्तर: नाही. तुम्ही बटण दाबताच सर्व्हरवरचा रँडम नंबर जनरेटर प्रत्येक रीलसाठी, म्हणजे चित्रांच्या फिरत्या पट्टीसाठी, एक आकडा देतो आणि निकाल तिथेच ठरतो. फिरणारी चित्रं नंतर दाखवली जातात.

समजा, तीन रील आहेत, प्रत्येक रीलला 64 जागा आहेत आणि जॅकपॉटचं चिन्ह फक्त एका जागेवर आहे. तिन्ही रीलवर ते येण्याची शक्यता 64 × 64 × 64, म्हणजे 2,62,144 मध्ये एक. पहिल्या खेळीला हीच, दोनशेएकाव्यालाही हीच, कारण मागच्या खेळी या हिशेबात कुठेच येत नाहीत. एका घराने हुकणं म्हणजे शेजारच्या जागेचा आकडा आला, एवढंच. ते जवळ येणं नव्हे.

अंदाज का बांधता येत नाही? चांगल्या जनरेटरची सुरुवात हार्डवेअरमधल्या अनियमित चढउतारांतून मिळालेल्या गुप्त आकड्याने होते. तो आणि जनरेटरची आतली स्थिती सर्व्हरवरच राहते, त्यामुळे पडद्यावरचे हजारो निकाल लिहून ठेवले तरी पुढचा काढता येत नाही. ‘प्रेडिक्टर’ ॲप विकणाऱ्यांना कृपया पैसे देऊ नका.