रबर काढल्यावर किती वेळात थांबतं?

"रोज उंच, घट्ट पोनी बांधून ऑफिसला जाते. पोचेपर्यंत डोकं जड होतं, संध्याकाळी ठणकतं आणि रबर काढलं की केसांची मुळंसुद्धा दुखतात. केस मोकळे सोडून चालत नाही. काय करू?"

आधी दोन-तीन दिवस घड्याळ बघा. रबर काढल्यापासून किती वेळात ठणका थांबतो? डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ओढ बसून होणाऱ्या दुखण्याला वेगळी नोंद आहे. ते ओढ असतानाच होतं, ओढ बसते तिथेच जास्त असतं आणि ओढ सुटल्यावर तासाभरात जातं. तुमचं असंच होत असेल तर दोष बहुतेक पोनीचाच. केस सोडूनही रात्रभर दुखत असेल, मळमळत असेल, उजेड सहन होत नसेल तर मायग्रेन असू शकतो. घट्ट पोनीमुळे तोही सुरू होऊ शकतो.

मुळं दुखतात ते वेगळं प्रकरण. केसाला स्वतःला काही कळत नाही, कापताना कुठे दुखतं? पण प्रत्येक मुळाभोवती मज्जातंतूंची टोकं असतात आणि केस जरासा वाकला तरी त्यांना समजतं. अकरा-बारा तास मागे ओढून धरलेलं हुळहुळं मूळ रबर काढल्यावर पुन्हा आपल्या बाजूला वळतं, म्हणून नेमकं तेव्हाच "आई गं" होतं. हे दुखणं तासात जाईलच असं नाही.

मी नर्स आहे, डोंबिवलीहून परळच्या बाजूला ड्यूटीला येते. पहाटे पाचला न्हायलेल्या ओल्या केसांचा टाळूवर अंबाडा, रबराचे चार वेढे, वर जाळी. तो सुटायचा संध्याकाळी साडेचारला. ओला केस जास्त ताणला जातो आणि वाळताना आखडतो, त्यामुळे पहाटे ठीक वाटलेला अंबाडा घाटकोपर येईपर्यंत कातडी ओढायला लागायचा. मी मात्र गाडीतल्या गर्दीला दोष देत गोळी घ्यायचे.

एकदम सैल बांधून बघितलं, पण दुपारपर्यंत बटा तोंडावर आल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वेढे. म्हणून मग आठवड्याला एकच बदल केला. पहिल्या आठवड्यात फक्त जागा बदलली, अंबाडा टाळूवरून मानेवर आणला. कपाळावरचे आणि कानामागचे केस वर खेचले जाईनात, आणि निम्मा त्रास इथेच कमी झाला. त्याच आठवड्यात केस धुणं रात्रीवर ढकललं. (हे धरून बदल दोन झाले, पण असू दे.)

दुसऱ्या आठवड्यात बारीक रबराऐवजी कापडाचं जाड रबर घेतलं आणि चाराचे तीन, मग दोन वेढे केले. बांधून झालं की भुवया वर करून बघायच्या. कानशिलाची कातडी ओढल्यासारखी वाटली तर रबराच्या पुढचे केस बोटांनी थोडे उचलून सैल करायचे. आरशात फरक दिसतही नाही. तिसऱ्या आठवड्यात आधी सैल वेणी घातली, तिचा अंबाडा केला आणि पाच-सहा यू-पिना लावल्या. वेणीने बटा धरल्या जातात आणि वजन एका रबरावर न पडता पिनांवर वाटलं जातं. पिन डोक्याला टोचली तर काढून पुन्हा लावायची, "बसेल नंतर" म्हणायचं नाही, ती बसत नाही.

ठणका दुसऱ्या आठवड्यातच गेला होता. मुळांचा हुळहुळेपणा जायला महिना लागला. तेवढ्या काळात तेल लावून खसाखसा चोळू नका, दुखऱ्या जागेला आणखी ओढ बसते.

एक जागा मात्र नीट तपासा: कानाच्या वरची आणि कपाळाची केसरेषा. तिथे बारीक पुटकुळ्या, लाली किंवा केस विरळ होऊन फक्त बारीक लव उरलेली दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ओढीने गेलेले केस लवकर लक्षात आलं तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळं कायमची जातात. आणि घरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणाला विंचरताना कानशील नव्याने दुखायला लागलं, तर पोनीवर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथल्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि ती नजरेवर येते.

ऑफिसचा नियम नेमका काय आहे तेही एकदा वाचा. आमच्याकडे केस कॉलरला लागू नयेत एवढंच लिहिलं होतं. चार वेढे माझ्या मनाचे होते. इन्चार्ज सिस्टरना तर अंबाडा बदललाय हे अजून कळलेलं नाही.