सक्तीचा मजकूर बसवताना लेबलचं डिझाइन कसं वाचवायचं?

प्रश्न: चॉकलेट-शेंगदाणा स्प्रेडच्या बरणीसाठी लेबल करतोय. पुढचं चित्र मस्त जमलंय, पण घटक, वजन, पोषणतक्ता, पत्ता, तारीख टाकायला गेलो की सगळं बिघडतं. काय करू?

चित्र सध्या बाजूला ठेवा आणि आधी सगळा सक्तीचा मजकूर एका फाइलमध्ये अंतिम स्वरूपात लिहून काढा. कारण चित्र लहान करता येतं, कापता येतं, पण घटकांची यादी कापता येत नाही. पॅकेजिंगची कामं करताना मी नेहमी याच क्रमाने जातो.

तुमच्या बरणीचा व्यास 65 मिमी धरू. म्हणजे घेर झाला साधारण 204 मिमी. लेबल 200 मिमी लांब आणि 60 मिमी उंच घेऊ. बरणी न फिरवता जेवढं नीट दिसतं, ते घेराच्या साधारण 40 टक्के, म्हणजे 82 मिमी. हा झाला दर्शनी भाग. उरलेले 118 मिमी दोन्ही बाजूंना 59-59 असे वाटले जातात. चित्र गोल फिरवून त्यावर मजकुराचे चौकोन चिकटवण्याचा मोह टाळा. लेबल बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच. चित्र 82 मिमीत संपवा आणि बाजूच्या पट्ट्या सपाट, फिक्या रंगाच्या ठेवा. तो रंग चित्रातूनच उचललात की लेबल एकसंध वाटतं.

वजन मात्र मागे ढकलायचं नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकातही पदार्थाचं नाव आणि निव्वळ वजन एकाच नजरेच्या टप्प्यात असावं असं आहे. म्हणून वजनाची जागा सुरुवातीपासून रचनेतच धरा: नावाचाच फाँट, खालच्या कडेला समांतर, भोवती मोकळी जागा. शेवटी कोपऱ्यात कोंबलेलं वजन लगेच ओळखू येतं.

आता उजवी पट्टी. 59 मधून समास वजा जाता 52 मिमी रुंदी आणि 54 मिमी उंची हाताशी येते. इथे घटक आणि पोषणतक्ता बसवू. कळीचा मुद्दा आहे फाँट. अक्षराची किमान उंची नियमात मिलिमीटरमध्ये असते, पॉइंटमध्ये नाही. युरोपातला नियम घ्या: रोमन लिपीतल्या लहान x ची उंची किमान 1.2 मिमी हवी (अगदी छोट्या पॅकला सवलत आहे). हेल्वेटिकासारख्या फाँटमध्ये x मोठा असतो, त्यामुळे 6.6 पॉइंटला ही उंची मिळते. गॅरामाँडमध्ये x बुटका, तिथे सुमारे 8.5 पॉइंट लागतात. साधारण 300 अक्षरांची यादी पहिल्या फाँटमध्ये 7 ओळींत, म्हणजे 20 मिमीत बसते. आठ ओळींचा तक्ता 24 मिमी घेतो. मधलं अंतर 4 मिमी धरलं तरी 48 मिमीत काम होतं. गॅरामाँडमध्ये हाच मजकूर 60 मिमीच्या वर जातो आणि पट्टीतून बाहेर पडतो. पुढच्या नावाला कुठलाही नखरेल फाँट वापरा, इथे मोठ्या x चा, साधाच घ्या. देवनागरीत मजकूर असेल तर ओळींमधलं अंतर आणखी वाढवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात.

घटक एकाखाली एक लिहू नका. स्वल्पविराम देऊन सलग परिच्छेद करा, डावीकडे जुळवलेला. क्रम वजनाप्रमाणे उतरता: तुमच्या स्प्रेडमध्ये साखर सगळ्यात जास्त असेल, तर पहिलं नाव साखरेचंच, शेंगदाण्याचं नाही. शेंगदाणा, दूध, सोया हे ॲलर्जीचे घटक ठळक करा. ठळकपणा फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवलात की ज्याला ते शोधायचेत त्याची नजर थेट तिथे जाते. शाई निव्वळ काळी ठेवा. चार रंग मिसळून केलेल्या बारीक अक्षरांच्या कडा छपाईत जराशा सरकल्या तरी धूसर होतात, आणि गडद रंगावरच्या पांढऱ्या अक्षरांच्या पोकळ्या शाईने भरून जातात.

डाव्या पट्टीत बारकोड, पत्ता, साठवणुकीची सूचना. बारकोड 90 अंशांत फिरवा, रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येतील. गोलाईवर स्कॅनरला तो सोपा जातो, शिवाय 80 टक्के आकाराचा नेहमीचा 13 अंकी बारकोड असा ठेवला की रुंदी जेमतेम 21 मिमी खातो. रेषांच्या वर आणि खाली, दोन्ही टोकांना कोरी जागा लागते, तिथे काही घुसवू नका.

हे झालं की लेबल 100 टक्के आकारात साध्या कागदावर छापा, भरलेल्या बरणीला गुंडाळा आणि दुसऱ्या कुणाला तरी रात्रीच्या दिव्यात घटक वाचायला सांगा. स्क्रीनवर मोठं करून पाहिलेलं काही कामाचं नाही.

तारीख आणि बॅच नंबर बहुधा भरल्यानंतर मशीनने मारतात. त्यासाठी साधारण 20 बाय 12 मिमीची कोरी चौकट सोडा आणि त्या जागी वार्निश नको असं छापखान्याला लेखी कळवा. गुळगुळीत वार्निशवर ती शाई धरत नाही, बोटाने पुसली जाते.