दोनदा सिंक बंद पडलं आणि कुणाला कळलंच नाही, मॉनिटरिंगसाठी बजेट नोट कशी लिहू?

प्रश्न: आमच्या कंपनीत ब्रांच ते हेड ऑफिस डेटा सिंक दोनदा बंद पडलं, कुठेच एरर नाही, बऱ्याच दिवसांनी कळलं. आता मॉनिटरिंग टूलसाठी मॅनेजमेंटला बजेट नोट द्यायची आहे. काय लिहू म्हणजे पास होईल?

उत्तर:

मी इंदूरला एका स्पेअर पार्टच्या डिस्ट्रिब्यूटरकडे सिस्टीम बघतो, गोडाउन देवास नाक्याला आणि ब्रांच उज्जैन, रतलाम, खंडव्याला. आमच्याकडे जवळपास हेच झालं होतं आणि नोट पास झाली, म्हणून ती कशी लिहिली तेच सांगतो.

नोटचा सगळा जोर एकाच आकड्यावर ठेवा, तो म्हणजे बिघाड झाल्यापासून आपल्याला कळेपर्यंत किती वेळ गेला. बहुतेक लोक लिहितात की सिंक फेल झालं, नुकसान झालं, टूल हवं. मग मालक विचारतात, टूल आणलं की सिंक फेल होणं थांबेल का? थांबणार नाही, हे खरं उत्तर आहे. नेट जाणार, पासवर्ड बदलणार, डिस्क भरणार. टूल फक्त कळायचा वेळ कमी करतं आणि नुकसान सगळं त्या वेळातच होतं. दोन्ही घटना याच पद्धतीने मांडल्या की बाकीचं आपोआप जुळतं.

आमची पहिली घटना रतलामची. तिथून रोज रात्री स्टॉकचा डेटा `mysqldump` ने काढून दाबून छोटा करायला `gzip` ला पाइप करून इंदूरला पाठवायचा, अशी जुन्या वेंडरची स्क्रिप्ट होती. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, `mysqldump` ला आत जाता येईना, पण पाइपमधे शेवटच्या कमांडचं स्टेटस धरलं जातं आणि `gzip` ने आपलं काम चोख केलं, रिकाम्या इनपुटची 20 बाइटची फाइल बनवली. ती फाइल वेळेवर इंदूरला आली, इथल्या इंपोर्टने ती उघडली, आत एकही ओळ नाही म्हणजे चालवायला काहीच नाही, म्हणून तोही सक्सेस म्हणाला. स्क्रीनवर रतलामचा जुना स्टॉक तसाच दिसत राहिला आणि सेल्सवाले नसलेला माल विकत राहिले. 6 दिवसांनी एका गिऱ्हाइकाने फोन करून झापलं तेव्हा कळलं.

दुसरी खंडव्याची, उलट्या दिशेची. इंदूरहून नवीन रेट लिस्ट `rsync` ने खंडव्याच्या शेअर फोल्डरमधे जायची. सर्व्हर रीस्टार्ट झाला तेव्हा व्हीपीएन अजून लागलं नव्हतं म्हणून शेअर माउंटच झाला नाही, म्हणजे इथे जोडलाच गेला नाही, पण `/mnt/khandwa` नावाचा रिकामा फोल्डर इथल्याच डिस्कवर असतोच, `rsync` ने मुकाट्याने त्यात फाइली टाकल्या आणि शून्य कोड दिला, म्हणजे सगळं ठीक असं सांगितलं. खंडव्याला जुन्या रेटने बिलं फाटत राहिली, अकाउंटवाल्यांनी महिन्याचा मेळ घातला तेव्हा सापडलं, 11 दिवस गेले होते.

नोटमधे मी इतका तपशील दिला नाही, तुम्हीही देऊ नका. प्रत्येक घटनेच्या चारच ओळी लिहा: कधी बिघडलं, कधी कळलं, कुणामुळे कळलं, दुरुस्तीला किती वेळ लागला. दोन्हीकडे दुरुस्ती तासाभराच्या आतली होती आणि कळायला 6 आणि 11 दिवस लागले. एकदा गिऱ्हाइकाने सांगितलं, एकदा अकाउंटने, आपल्या सिस्टीमने एकदाही नाही. आमच्या डायरेक्टरनी नेमक्या या ओळीखाली पेनाने रेघ मारली होती.

आता पैसे. इथे फक्त मोजता येतं तेवढंच लिहा, 'गिऱ्हाइकाचा विश्वास' वगैरेला किंमत लावलीत की सीए पहिल्यांदा तोच आकडा पकडतो आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा भरवसा राहत नाही. आमचा हिशोब असा होता. खंडव्याला रोज साधारण 40 बिलं, त्यातल्या अर्ध्या बिलांत रेट बदललेला माल, बिलामागे सरासरी 85 रुपये कमी घेतले, म्हणजे 11 दिवसांचे 18,700 रुपये. रतलामला 14 ऑर्डरींचा माल इंदूरहून वेगळा पाठवावा लागला, जादा भाडं 350 च्या हिशोबाने 4,900 रुपये. एकूण 23,600.

पण हे सगळं वाचलं असतं असं लिहू नका. टूल असतं तरी सिंक पडलंच असतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं असतं. म्हणून एका दिवसाचं नुकसान वजा करा: खंडव्याचे 1,700 आणि रतलामच्या समजा 3 ऑर्डरींचे 1,050. उरतात 20,850, हा खरा वाचू शकणारा पैसा. आकडा छोटा वाटेल पण तो कुणीही उलटतपासणी केली तरी टिकतो. त्याच्या खाली एक वाक्य लिहा की या दोन घटना आपल्याला *कळलेल्या* आहेत, न कळलेल्या किती ते सांगायची सोय आज आपल्याकडे नाही. हे वाक्य घाबरवायला नाही, वस्तुस्थितीच तशी आहे.

यानंतर मालकांचा हमखास प्रश्न येतो, स्क्रिप्टच नीट करा ना, पैसे कशाला? त्याला दोन टप्प्यात उत्तर द्या. जे फुकट होण्यासारखं आहे ते नोट देण्याआधी करून टाका आणि नोटमधे 'हे केलं आहे' असं लिहा. आमची खंडव्याची स्क्रिप्ट आता अशी आहे:

```
#!/bin/bash
set -euo pipefail
mountpoint -q /mnt/khandwa
rsync -a /data/rates/ /mnt/khandwa/rates/
curl -fsS -m 10 --retry 5 -o /dev/null https://hc-ping.com/UUID
```

`-e` आणि `pipefail` मुळे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी स्क्रिप्ट थांबते, म्हणजे रतलामवाला प्रकार होत नाही (ही ओळ तिकडच्या स्क्रिप्टमधेही टाकली). `mountpoint` मुळे शेअर लागलेला नसेल तर कॉपी होतच नाही. ह्याला एक रुपया लागत नाही.

पैसा लागतो तो शेवटच्या ओळीसाठी. स्क्रिप्ट कितीही चांगली लिहिली तरी सर्व्हरच बंद असेल किंवा ठरल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करणारा क्रॉनच चालला नसेल तर 'मी फेल झालो' हे सांगायला कोण येणार? दूधवाला आज आला नाही हे सांगायला दूधवाला येत नाही, घरातल्यांनीच लक्ष ठेवावं लागतं. म्हणून काम पूर्ण झालं की बाहेरच्या एका मशीनला पिंग जातो आणि ठरलेल्या वेळेत पिंग आला नाही तर ते मशीन बोंब मारतं. हेल्थचेक्स हे टूल असंच चालतं, त्यात पिरियड म्हणजे पिंग किती वेळाने यायला हवा आणि ग्रेस टाइम म्हणजे त्यावर किती वाट बघायची ते टाकायचं असतं, वरच्या `UUID` च्या जागी त्याने दिलेला कोड येतो, ते ओपन सोर्स आहे त्यामुळे स्वतःच्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरही टाकता येतं, तसं केलंत तर वरच्या पत्त्याच्या जागी तुमचा पत्ता येईल. अपटाइम कुमातही पुश नावाचा मॉनिटर आहे, काम तेच. झॅबिक्स खूप मोठं आहे, उत्तम आहे, पण तीन ब्रांचसाठी ते सांभाळायला अर्धा माणूस लागेल, म्हणून नोटमधे तो तिसरा पर्याय म्हणून दाखवला आणि का नको तेही लिहिलं. काहीही झालं तरी हे बघणारं मशीन सिंकच्याच सर्व्हरवर ठेवू नका, ऑफिसची लाइट गेली तर दोघं एकदमच गप्प होतील.

आणि फक्त काम चाललं का एवढं बघून भागत नाही, पोचलेला डेटा ताजा आहे का तेही बघावं लागतं. रतलामच्या केसमधे फाइल रोज वेळेवर येतच होती ना. आम्ही आधी प्रत्येक ब्रांचच्या शेवटच्या बिलाची वेळ तपासायचं ठरवलं होतं, पण रविवारी खोटा अलर्ट, रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीच्या दिवशी बाजार बंद तर परत खोटा अलर्ट, आणि चार खोटे अलर्ट आले की माणसं पाचवा उघडतच नाहीत. त्यामुळे आता ब्रांचच्या डेटाबेसमधे दर तासाला एका छोट्या टेबलमधे वेळेची एक ओळ पडते, ती नेहमीच्याच सिंकमधून इंदूरला येते आणि सकाळी ती किती जुनी आहे ते इथे तपासलं जातं. बिल फाटो न फाटो, ओळ यायलाच पाहिजे. अर्थात रस्ता चालू आहे एवढंच ह्यातून कळतं, एखादं टेबल अर्धवट आलं तर ते पकडलं जात नाही, म्हणून आठवड्यातून एकदा दोन्हीकडच्या ओळींची संख्या जुळवतो. ही मर्यादा नोटमधे स्पष्ट लिहा, नाहीतर पुढे काही निसटलं की 'टूल घेऊन दिलं होतं ना' हे ऐकावं लागतं.

आमची मागणी वर्षाला 16,000 ची होती, त्यात 9,600 व्हीपीएसचे आणि 6,400 अलर्टचे, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 18,880. तुमच्या वेंडरकडून लेखी कोटेशन घ्या आणि नोटला जोडा. परदेशी सर्व्हिस घेणार असाल तर जीएसटी रिव्हर्स चार्जने आपल्यालाच भरावा लागतो, क्रेडिट मिळतं पण अकाउंटला आधी सांगून ठेवा, आणि डॉलरमधे दर महिन्याला कार्डवर कापलं जाणारं बिल त्यांना आवडत नाही, वर्षाचं एकदम मागा. अलर्ट एसएमएसने हवा असेल तर डीएलटी या एसएमएस नोंदणीच्या पोर्टलवर कंपनीचं, हेडरचं आणि टेंप्लेटचं रजिस्ट्रेशन लागतं, त्यात वेळ जातो. तोपर्यंत टेलिग्राम आणि ईमेल चालतात, हे नोटमधेच लिहिलंत तर नंतर उशीर का झाला म्हणून कुणी विचारणार नाही.

बऱ्याच नोटांमधे एक गोष्ट राहून जाते ती म्हणजे अलर्ट कुणाला येणार. आमच्या नोटला एक पानाचा तक्ता जोडला होता: प्रत्येक सिंकचं नाव, कुठून कुठे, डेटा जास्तीत जास्त किती जुना चालेल, आणि अलर्ट आला की उठणाऱ्या दोन माणसांची नावं. 'किती जुना चालेल' हा रकाना मी भरला नाही, सेल्स आणि अकाउंटच्या साहेबांना भरायला दिला. त्यांनी रेट लिस्टसाठी 4 तास लिहिले, मग त्यांनाच दिसलं की रात्री एकदा जाणारी रेट लिस्ट त्यांना पुरतच नाही, आणि मीटिंगमधे नोटच्या बाजूने माझ्यापेक्षा तेच जास्त बोलले.

नोट पानभराचीच ठेवा, तक्ता आणि कोटेशन मागे जोडा. वर्ष संपायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीतच दिली तर नवीन वर्षाच्या बजेटमधे बसते, मधेच दिली तर 'आकस्मिक खर्चातून' असं लिहून मागा. आणि शेवटच्या ओळीत एक चाचणी कबूल करा: मंजुरीनंतर पहिल्या महिन्यात एका ब्रांचचं सिंक सांगून-सवरून बंद करून दाखवू आणि ठरलेल्या दोघांच्या फोनवर ठरलेल्या वेळेत अलर्ट आला का ते मालकांच्या समोर बघू. आम्ही उज्जैनचं बंद केलं होतं.